तीन बाय तीनचा स्टॉल आणि दोन एचपीची मोटर: पहिल्या प्रदर्शनाचा अनुभव

भोसरीत आमची छोटी शेड आहे. घरघंट्या आणि मसाला दळायचे छोटे पल्व्हरायझर आम्ही बनवतो. यंत्रांचं सगळं नवरा आणि दीर बघतात. हिशेब, पत्रव्यवहार आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. इतक्या वर्षांत प्रदर्शनं बघायला खूपदा गेलो, पण स्वतःचा स्टॉल कधी घेतला नव्हता. 2024च्या डिसेंबरात, 5 ते 8 तारखेला, पहिल्यांदा घेतला. त्याआधीचे तीन महिने मी सतत कुणाला ना कुणाला काहीतरी विचारत होते. तेव्हा मला कुणी हे सगळं क्रमानं सांगितलं असतं तर पुष्कळ रात्री नीट झोप लागली असती, म्हणून लिहिते आहे.

पहिला फोन 12 सप्टेंबरला केला. गणपतीचे दिवस होते. आयोजकांच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, "ताई, माहितीपत्रक आणि दरपत्रक लगेच पाठवतो, पण स्टॉलचं पक्कं विसर्जनानंतरच बोलू. निम्मी माणसं मंडळात आहेत." अनंत चतुर्दशी 17ला होती. 19ला त्याचाच फोन आला आणि ले-आउट मेलवर आला. ले-आउट म्हणजे हॉलचा नकाशा. विकलेले स्टॉल लाल, मोकळे हिरवे. प्रवेशद्वाराजवळची सगळी रांग तोवर लाल झालेली होती.

दरपत्रकात दोन प्रकार होते. एक 'शेल स्कीम', म्हणजे तयार स्टॉल: तीन बाजूंना पांढऱ्या पॅनेलच्या भिंती, खाली कार्पेट, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, तीन दिवे, एक प्लग पॉइंट. दुसरा 'बेअर स्पेस', म्हणजे नुसती जमीन. त्यावर स्टॉल आपला आपण उभा करायचा आणि किमान 36 चौरस मीटर घ्यायची. आमच्यासाठी पहिलाच प्रकार होता. सगळ्यात लहान स्टॉल 9 चौरस मीटरचा, तीन बाय तीन. दर चौरस मीटरला 6,500 रुपये. दोन बाजू उघड्या असलेला कोपऱ्याचा स्टॉल हवा असेल तर वर 10 टक्के. म्हणजे आमच्या स्टॉलचे 58,500, कोपऱ्याचा घेतला तर 64,350, आणि या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

आकडा बघून नवरा गप्प बसला. एवढ्या पैशात एक पल्व्हरायझर बनवून होतो, वर थोडे उरतातही. दोन दिवस आम्ही त्यावर काही बोललोच नाही. मग दीरच म्हणाले, "वहिनी, घ्यायचाच असेल तर आधी यंत्र तिथं चालेल का ते विचारा. नुसतं यंत्र ठेवून लोकांना कागद वाटायचे असतील तर नको." तिथून माझी प्रश्नांची यादी सुरू झाली. फॉर्म भरायच्या आधी विचारायचं आणि उत्तर मेलवरच घ्यायचं, हे आमच्या दिरांनी घालून दिलेलं. फोनवर सगळे 'होऊन जाईल' म्हणतात. पुढं मेलवरच्या एका ओळीनं आमची संध्याकाळ वाचवली, ते ओघात सांगतेच.

आधी मापाचं. शेडमध्ये जमिनीवर खडूनं तीन बाय तीनचा चौकोन आखला आणि त्यात खरी यंत्रं ठेवून बघितली. पल्व्हरायझर, दोन घरघंट्या, टेबल, दोन खुर्च्या. यंत्राभोवती माणूस उभा राहून दळण टाकू शकला पाहिजे, आणि बघणाऱ्याचा हात पट्ट्याच्या बाजूला जायला नको. बसत होतं, पण जेमतेम. एक घरघंटी काढली तेव्हा कुठे मोकळं वाटलं. त्यावर आमच्याकडे फॅब्रिकेशनला येणाऱ्या काकांनी विचारलं, "हे तीन मीटर आतून आहेत की बाहेरून?"

हे मला सुचलंच नव्हतं. आयोजकांना विचारलं तर दोन दिवसांनी उत्तर आलं: आतलं मोकळं माप 2.94 मीटर. भिंती म्हणजे अॅल्युमिनियमचे खांब आणि त्यांच्या खाचेत बसवलेली पॅनेलं. तीन मीटरच्या भिंतीत तीन पॅनेलं येतात. खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंतचं अंतर मीटरला थोडं कमी असतं, आणि खांबांची जाडी त्यातच मोजलेली असते. सहा सेंटिमीटर म्हणजे काही फार नाही. पण याच हिशेबानं एका पॅनेलचा दिसणारा भाग 95 सेंटिमीटर रुंद निघतो, 100 नाही. मी छपाईवाल्याला एक मीटर रुंदीचे तीन बोर्ड सांगणार होते. ते खांबांवर चढून बसले असते आणि कडा उचलल्या गेल्या असत्या. छापायला देण्याआधी आयोजकांकडून पॅनेलचं 'दिसणारं माप' रुंदी आणि उंची दोन्ही मागून घ्या. कंत्राटदार बदलला की हे माप थोडं बदलतं, म्हणून दुसऱ्या प्रदर्शनातलं माप इथं वापरू नका.

उंचीचाही एक मुद्दा निघाला. भिंत अडीच मीटरची, पण समोरच्या बाजूला वर नावाची पट्टी येते. तिच्याखालून आत शिरायला 2.1 मीटरच मोकळे राहतात. आमचं यंत्र हॉपरसकट त्याखालून आरामात जात होतं. ज्यांचं यंत्र उंच आहे त्यांनी मात्र हे विचारायलाच हवं, कारण पट्टी बसल्यावर ती काढून यंत्र आत घ्यायचं म्हणजे कंत्राटदाराच्या माणसांची मनधरणी आली.

आता नकाशातल्या खांबांबद्दल. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरसारखा पक्का हॉल असतो तिथली गोष्ट वेगळी. आमचं प्रदर्शन मैदानावर उभारलेल्या मोठ्या अॅल्युमिनियमच्या तंबूत होतं, ज्याला सगळे जर्मन हँगर म्हणतात. त्याचे खांब फक्त दोन्ही कडांना असतात, मध्ये नसतात. मला जो हिरवा स्टॉल बरा वाटत होता तो कडेच्या रांगेत होता आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात एक अगदी बारीक काळा ठिपका होता. मी त्या मुलाला विचारलं, "हा ठिपका कसला?" तो थोडा थांबून म्हणाला, "ताई, तो हँगरचा पाय आहे. तुमच्या मागच्या पॅनेलच्या आत साधारण फूटभर येईल." म्हणजे त्या कोपऱ्यात टेबल बसलं नसतं. भाडं मात्र पूर्ण 9 चौरस मीटरचं. खोटं तो बोलला नाही, पण विचारलं नसतं तर आपणहून सांगितलंही नसतं. आम्ही मधल्या रांगेतला, एक बाजू उघडा असलेला स्टॉल घेतला. कोपऱ्याचे 5,850 वाचले. आमच्यासारख्या यंत्राला तीन बाजूंच्या भिंतीच बऱ्या, कारण माणसं एकाच बाजूनं येतात आणि पट्ट्याच्या बाजूला जात नाहीत.

जमिनीबद्दलही विचारलं होतं. मैदानावर खाली प्लायवूडचे तक्ते टाकून वर कार्पेट असेल की थेट फरशीवर कार्पेट? पल्व्हरायझर चालताना थरथरतो. तक्त्यांवर ठेवला तर सगळा स्टॉल गुणगुणतो आणि यंत्र हळूहळू सरकतं. उत्तर आलं: खाली पेव्हर ब्लॉक आहेत, त्यावर थेट कार्पेट. मग पायाखाली रबरी पॅड घ्यायचे ठरले. चार पॅडचे साडेतीनशे रुपये झाले.

विजेसाठी मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि इथंच बरेच जण फसतात असं मला नंतर आजूबाजूच्या स्टॉलवाल्यांशी बोलताना कळलं. दरपत्रकात लिहिलं होतं, 'स्टॉलमध्ये एक 5 अँपिअर प्लग पॉइंट समाविष्ट'. त्यावर मोबाइल, लॅपटॉप, फार तर टीव्ही चालेल. आमची मोटर 2 एचपीची, सिंगल फेज. जास्तीची वीज लागणार हे उघड होतं, पण किती मागायची? फॉर्ममध्ये 'किलोवॅट' असा रकाना होता, आणि दर किलोवॅटला चार दिवसांचे 2,200 रुपये.

आमच्याकडे वायरिंगला येणारे काका संध्याकाळी आले, त्यांना फॉर्म दाखवला. त्यांनी आधी मोटरवरची पाटी वाचायला लावली. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, त्या हिशेबानं 2 एचपीचे दीड किलोवॅट. पण हे मोटर बाहेर देते ते. आत ओढते त्याहून जास्त, कारण थोडं उष्णतेत जातं. लहान सिंगल फेज मोटरला दीडच्या जागी दोन किलोवॅट धरायचे, असं ते म्हणाले. पाटीवर पूर्ण भाराला 11 अँपिअर लिहिले होते. त्यात घरघंटीची 1 एचपीची मोटर मिळवली तर तीनच्या वर जात होतं.

"दोन्ही एकदम चालवणार का?" काकांनी विचारलं.

एकदम चालवायची गरज नव्हती. एका वेळी एकच यंत्र चालवायचं, दुसरं बंद, असं ठरवलं आणि 3 किलोवॅट मागितले. 6,600 रुपये. मग काका म्हणाले, "आता त्यांना विचारा एमसीबी कुठला लावणार. बी का सी."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून जसं समजलं तसं सांगते. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. आमच्या 11 अँपिअरच्या मोटरचा तो झटका 55-66 अँपिअरपर्यंत जातो, आणि वेग घेतला की लगेच खाली येतो. एमसीबी अशा अचानक झटक्याला शॉर्ट सर्किट समजून पडू शकतो. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या आकड्याच्या तीन ते पाचपटीच्या मध्ये कुठेतरी पडतो. म्हणजे 16 अँपिअरचा असेल तर 48 ते 80च्या मध्ये, आणि आमचा झटका बरोबर तिथंच येतो. सी प्रकारचा पाच ते दहापटीला, म्हणजे 80 ते 160च्या मध्ये पडतो. तो आमच्या मोटरला सुरू होऊ देतो. दिवे आणि चार्जरला बी चालतो, मोटरला सी लागतो. दिसायला दोन्ही सारखे. फरक एवढाच की एमसीबीवर छापलेल्या आकड्याच्या आधी `B16` किंवा `C16` असं असतं.

मी मेलमध्ये लिहिलं: आमची 2 एचपीची मोटर आहे, 16 अँपिअरचा सॉकेट आणि सी प्रकारचा एमसीबी लागेल, आणि पॉइंट स्टॉलमध्ये उभं राहून बाहेर बघितलं तर उजव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात हवा. सोबत कागदावर चौकोन काढून, खूण करून, त्याचा फोटो जोडला. पॉइंट कुठे हवा हे न सांगितल्यास ते कुठल्याही खांबाजवळ देतात आणि मग वायर लोकांच्या पायात येते. उत्तर यायला सहा दिवस लागले, दोनदा आठवण करावी लागली. शेवटी 'नोंद घेतली, विद्युत कंत्राटदारास कळवले आहे' एवढी ओळ आली. ती प्रिंट काढून फाइलला लावली.

त्याच मेलमध्ये आणखी तीन प्रश्न होते. वीज कुठून येणार? उत्तर: मैदानावर डिझेल जनरेटर. म्हणूनच दर एवढा जास्त आणि म्हणूनच किलोवॅट आधी सांगावे लागतात. त्यावरून ते जनरेटर मागवतात. वीज किती वाजता सुरू आणि बंद? प्रदर्शनाच्या अर्धा तास आधी सुरू, संपल्यावर अर्ध्या तासानं बंद. रात्री काहीच नाही. आमचं अडलं नाही, पण समोरच्या रांगेत एकांचा डीप फ्रीझर होता. त्यांना चोवीस तासांची वेगळी लाइन आणि वेगळे पैसे लागले. तिसरा प्रश्न होता प्रात्यक्षिकाचा. हॉलमध्ये मसाला दळला तर चालेल का? त्यांनी आधी नाहीच म्हटलं. मग बोलणं होऊन ठरलं: गहू आणि धणे चालतील, मिरची आणि हळद अजिबात नाही. बरोबरच आहे. बंद तंबूत मिरची दळली असती तर शेजारच्या सगळ्या रांगेला ठसका लागला असता.

फॉर्म 4 ऑक्टोबरला भरला. स्टॉलचे 58,500 आणि विजेचे 6,600 मिळून 65,100. त्यावर जीएसटी 11,718. एकूण 76,818. निम्मे फॉर्मबरोबर, उरलेले 5 नोव्हेंबरपर्यंत. लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं. कामगारांचा बोनस देऊन झाल्यावर चार दिवसांत हे द्यायचे होते, त्यामुळे तो आठवडा ओढाताणीचा गेला. प्रदर्शन डिसेंबरात असेल तर दुसरा हप्ता दिवाळीच्या आसपास येऊ शकतो, हे फॉर्म भरतानाच बघून ठेवा. शिवाय 5,000 रुपये अनामत वेगळी. पॅनेलला खिळा मारला, भोक पाडलं किंवा चिकटपट्टीचा डाग राहिला तर त्यातून कापून घेतात.

फॉर्मवर कंपनीचं नाव जीएसटी प्रमाणपत्रावर आहे अगदी तसंच लिहा आणि जीएसटी क्रमांक टाकाच. बिल त्या नावानं आलं की भरलेल्या कराची वजावट मिळते. आमचे 11,718 त्या वाटेनं हिशेबात आले. माहिती नसती तर तो खर्चच धरला असता. नावाच्या पट्टीवरचा मजकूर मात्र वेगळ्या रकान्यात असतो. तो मी मराठीत लिहून दिला होता, त्याचं पुढं येईलच.

आता वेळेचं. प्रदर्शकांच्या सूचनापत्रात होतं: 'ताबा: 3 डिसेंबर, सकाळी 10'. मी टेम्पोही 3 तारखेचा सांगून ठेवला होता. सहज विचारावं म्हणून फोन केला, "3ला दहा वाजता आलं तर स्टॉल तयार मिळेल ना?" तो मुलगा म्हणाला, "नाही हो ताई, ते बेअर स्पेसवाल्यांसाठी. शेल स्कीमची पॅनेलं लागून ताबा 4 तारखेला दुपारी 2 वाजता." म्हणजे 3ला गेलो असतो तर यंत्रं मैदानावर उघड्यावर ठेवून दिवसभर बसलो असतो आणि टेम्पोचं भाडं दोनदा गेलं असतं.

त्यानंतर मी प्रत्येक वेळ वेगळी विचारली. गाडी हॉलच्या दारापर्यंत कधी येऊ शकते? 4 तारखेला दुपारी 1 ते 5. हॉलच्या आत ट्रॉली कधीपर्यंत? मधल्या वाटांवर कार्पेट पडेपर्यंत; ते संध्याकाळी 6ला पडणार. त्यानंतर वजनदार काही ओढू देत नाहीत. स्टॉलला वीज कधी? संध्याकाळी 7. या तिन्ही वेळा एकमेकांना कशा लागतात ते कागदावर मांडलं तेव्हा दिसलं की यंत्र 2 ते 5 मध्ये जागेवर गेलंच पाहिजे, पण ते चालतं का हे 7 नंतरच कळणार. आणि रात्री 10ला हॉल बंद. म्हणजे काही बिघडलं तर हातात तीन तास. वायरमन काकांना म्हणून 7 ला बोलावलं, सकाळी नाही. त्या दिवशीची त्यांची मजुरी 800 रुपये झाली आणि ती मला आजही फार योग्य वाटते.

3 डिसेंबरला रात्री डिलिव्हरी चलन तयार केलं. यंत्रांचे नंबर, किंमत आणि 'प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही' असं स्पष्ट. त्याच्या तीन प्रती. गेटवर एक ठेवून घेतात, आणि परत जाताना त्याच यादीवरून माल बाहेर सोडतात. यादीत नसलेली वस्तू बाहेर काढायला त्रास होतो, म्हणून पान्यांचा डबा, वजनकाटा, एक्स्टेंशन बोर्डसुद्धा लिहिले.

4 तारखेला दीड वाजता छोटा हत्ती गेटवर. पुढे सतरा-अठरा गाड्या. आत सोडायला सव्वातीन वाजले. पॅनेलं लागलेली होती. टेप लावून मोजलं: 2.94. बोर्ड बरोबर बसले. 70 किलोचं यंत्र ट्रॉलीवरून आत आणताना हॉलमध्ये सगळीकडे करवतीचा भुसा, वायरी, शिड्या. पाच वाजता यंत्र रबरी पॅडवर उभं होतं. नावाच्या पट्टीवर बघितलं तर 'गृहउद्योग'चं 'गृहउदयोग' झालेलं. मला फार वाईट वाटलं. पण फॉर्मची प्रत जवळ होती, ती दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नवीन अक्षरं लागली. मराठीत नाव द्यायचं असेल तर नुसतं टाइप करून देऊ नका. फॉन्ट बदलला की जोडाक्षरं तुटतात. पीडीएफ किंवा चित्र करून द्या.

सात वाजून वीस मिनिटांनी दिवे लागले. काका आलेच होते. दिरांनी पल्व्हरायझरचं बटण दाबलं. एक 'घुंम' असा आवाज आला आणि सगळं बंद. एमसीबी पडला होता. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. शेजारचे दोघे बघायला आले. एकजण म्हणाला, "जनरेटरलाच लोड झेपत नाहीये." दुसरा म्हणाला, "तुमची मोटर जळली असणार."

काका शांत होते. ते म्हणाले, कधी पडतो ते बघायचं. बटण दाबल्याबरोबर पडला तर सुरुवातीचा झटका, नाहीतर शॉर्ट. पाच-दहा मिनिटं नीट चालून मग पडला तर लोड जास्त. आणि एमसीबी तसाच राहून शेजारचा चाचणी-बटणवाला आरसीसीबी पडला तर करंट कुठेतरी बॉडीत किंवा अर्थिंगला गळतोय. आमचा लगेच पडत होता. त्यांनी पट्टा उतरवला आणि नुसती मोटर चालू केली. मोटर फिरली, एमसीबी पडला नाही. म्हणजे मोटर शाबूत, शॉर्ट नाही. भारासकट उठताना झटका जास्त वेळ टिकतो, तेवढ्यानंच पडत होता. मग मागच्या पॅनेलमागची पेटी उघडून टॉर्च मारला. `B16`.

नवरा विद्युत कंत्राटदाराच्या माणसाला शोधून घेऊन आला. तो दिवसभर उभा, पार दमलेला. म्हणाला, "साहेब, सगळ्यांना हेच लावलेत. उद्या सकाळी बघू." मी फाइलमधली प्रिंट पुढे केली. त्यानं वाचली, खालची 'नोंद घेतली' ही ओळ वाचली, आणि म्हणाला, "आम्हाला नुसतं 3 किलोवॅट लिहून आलंय, ताई. हे कळवलंच नाही." त्याच्यावर आवाज चढवून काही उपयोग नव्हता, आणि चूक त्याची नव्हतीही. त्यानं त्याच्या गाडीतून `C16` आणला. त्या पेटीवर आमच्यासकट चार स्टॉल होते, पाच मिनिटं अंधार होणार हे काकांनी बाकीच्या तिघांनाही जाऊन सांगितलं. पावणेनऊला एमसीबी बदलला. बटण दाबलं. यंत्र उठलं. काकांनी वायरला क्लॅम्प मीटर लावला: मोकळं चालताना साडेसहा, धणे टाकल्यावर साडेदहा. त्या अर्ध्या किलो धण्यांचा वास सगळ्या रांगेत पसरला आणि मला अगदी भरून आलं.

आपल्याला 'बी'च ठेवून चालेल का, असं विचारायला शेजारचे पॅकिंग मशिनवाले आले होते. त्यांची मोटर अर्ध्या एचपीची होती. काका म्हणाले, तुमचा झटका वीसच्या आत आहे, तुम्हाला काही होणार नाही. आणि कुणी 16च्या जागी 25चा लावून द्यायला लागला तर नको म्हणा, हेही त्यांनी सांगितलं. मागची वायर 16च्या हिशेबानं ओढलेली असते. एमसीबी मोठा केला तर तो पडत नाही, वायर तापते. कापडी तंबूत ते कुणालाच परवडणारं नाही.

पुढचे चार दिवस चांगले गेले. विक्रीबद्दल इथं लिहीत नाही, तो वेगळा विषय. एकच सांगते, दुपारी अडीच-तीनच्या सुमारास शेजारच्या रांगांमधली यंत्रं एकदम सुरू झाली की व्होल्टेज खाली जायचं आणि आमची मोटर उठायला जड जायची. तेव्हा आम्ही आधी रिकामं यंत्र सुरू करायचो, वेग घेतला की मगच दळण टाकायचो. हॉपर भरून बटण दाबायचं नाही, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवलं.

शेवटचा दिवस, 8 डिसेंबर, रविवार. सूचनापत्रात 'समारोप सायंकाळी 7' एवढंच होतं. त्याआधी आवरायला घेतलं तर अनामतीतून दंड. मी आधीच विचारून ठेवलं होतं: साडेसातला वीज बंद, साडेआठला गाड्या आत, आणि नऊपासून पॅनेलं उतरवायला सुरुवात. म्हणजे साडेसात ते साडेआठ हा एक तास अंधुक दिव्यात आपला माल आपणच राखायचा. दोन टॉर्च नेले होते. दीर आणि मी स्टॉलमध्ये थांबलो, नवरा गेटवर गाडीसाठी. समोरच्या स्टॉलवरचा वजनकाटा त्या तासात गेला. त्यांचा एकच माणूस होता आणि तो गाडी बघायला गेला होता. आमची गाडी सव्वानऊला दारात लागली, चलन दाखवून माल बाहेर काढला, अकरा वाजता शेडमध्ये.

निघण्याआधी तिन्ही बाजूंच्या रिकाम्या पॅनेलचे फोटो काढले, तारीख-वेळ दिसेल असे. त्याचा उपयोग झाला. 20 तारखेला मेल आला की एका पॅनेलच्या डागाचे 800 रुपये कापत आहोत. फोटो पाठवले. अनामतीचे पूर्ण 5,000 रुपये 2 जानेवारीला खात्यात आले.

सगळं मिळून खर्च असा झाला: स्टॉल आणि वीज करासकट 76,818, तीन बोर्डांची छपाई 4,200, टेम्पोच्या दोन फेऱ्या 3,600, काकांची मजुरी 800, रबरी पॅड 350, आणि चार दिवसांचं चहापाणी, जेवण, गहू-धणे मिळून साधारण 5,000. शेडमधला तो खडूचा चौकोन दिरांनी आता रंगानं पक्का केला आहे, आतल्या बाजूनं, 2.94च्या मापाचा.